रजा टाकली, बिलं जोडली, मग अडकलंय कुठं? ईआरपीत नव्यानं आलेल्यांसाठी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एचआर बघतो आणि ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ज्यात चालतो त्या सॉफ्टवेअरचं सेटिंगही माझ्याच गळ्यात आहे. दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला, पगारपत्रकं निघायच्या तोंडावर, कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. "साहेब, रजा टाकल्याली हाय, पर अजून पास हुईना." कागदी अर्ज होते तेव्हा शोध सोपा असायचा, कारण अर्ज कुणाच्या तरी ड्रॉवरमध्येच सापडायचा. आता तो कुठं थांबलाय हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता आलं पाहिजे. नवीन पोरं रुजू झाली की मी त्यांना जे सांगतो, तेच इथं लिहितोय. आमच्याकडे ईआरपीनेक्स्ट आणि त्यासोबतचं फ्रॅपे एचआर आहे, त्यामुळं स्क्रीनवरची नावं त्यातली आहेत. तुमच्याकडे दुसरी सिस्टीम असेल तर नावं बदलतील, पण गाडी साधारण याच ठिकाणी रुतते.

आधी स्वतःची नोंद उघडा

पहिला अर्ज टाकायच्या आधी `Employee` मधली तुमची स्वतःची नोंद उघडा आणि तीन रकाने बघा: `Holiday List`, `Leave Approver` आणि `Expense Approver`. रुजू होताना एचआरनं ही नोंद घाईत केलेली असते. कधी आधीच्या माणसाची नोंद समोर ठेवून भरलेली असते आणि त्याच्या साहेबाचं नाव तुमच्या नोंदीत तसंच राहून जातं.

मंजुरी देणाऱ्याचं नाव रिकामं असेल तर सिस्टीम तुमच्या विभागाच्या नोंदीत जाते आणि तिथल्या यादीतलं पहिलं नाव उचलते. म्हणजे तुमचा अर्ज "साहेबांकडे" जातो असं म्हणण्यात तसा अर्थ नाही. तो या रकान्यात ज्याचं नाव आहे त्याच्याकडे जातो, मग शॉपवर तुम्हाला रोज काम कुणीही सांगत असो. मोल्डिंगमधून फेटलिंगमध्ये बदली झाल्यावर जुन्या विभागाचा साहेब महिनोन्महिने रजा मंजूर करत बसलेला मी पाहिलाय. त्याला वाटायचं, आपल्यालाच विचारायला हवं, आणि नव्या साहेबाला पोरगा आज का आला नाही याचा पत्ता नसायचा.

हे रकाने तुम्हाला बदलता येत नाहीत. चूक दिसली तर एचआरला लेखी कळवा, आणि अर्ज टाकायच्या आधी कळवा. का, ते पुढं येईल.

रजेचे दिवस कोण मोजतं

आमच्याकडे जानेवारीत एक क्वालिटी इंजिनिअर रुजू झाला, मूळचा गडहिंग्लजचा. चैत्रात घरच्यांना घेऊन जोतिबाला जायचं म्हणून त्यानं एप्रिलमध्ये शनिवार ते गुरुवार अशी रजा टाकायला घेतली. कॅलेंडरवर हे ६ दिवस होतात. फाउंड्रीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आणि यात्रेची सुट्टी त्या वर्षी आमच्या यादीत बुधवारी होती. म्हणजे खात्यातून ४ दिवस वजा व्हायला हवेत. स्क्रीनवर मात्र `Total Leave Days` समोर ५ आलं, आणि त्याखाली शिल्लक पुरत नाही असा लाल निरोप.

शिल्लक किती होती? साडेचार. इथं त्याची पहिली तक्रार होती की पॉलिसीत वर्षाला १८ अर्जित रजा लिहिल्यात, मग माझ्या खात्यात साडेचारच का. कारण हा रजा प्रकार `Is Earned Leave` असा बांधलेला आहे. वर्षाच्या रजा १ जानेवारीला एकदम पडत नाहीत, दर महिन्याअखेर दीड-दीड जमा होतात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मिळून साडेचार. नवीन माणसानं पॉलिसीचा कागद वाचून रजेचा बेत करू नये, अर्जाच्या स्क्रीनवर जो छोटा तक्ता येतो तो वाचावा. त्यात आजवर किती मिळाल्या, किती वापरल्या, किती मंजुरीच्या वाटेवर आहेत आणि किती उरल्या हे वेगवेगळं दिसतं.

आता ४ चे ५ कसे झाले? त्याच्या नोंदीत `Holiday List` आमच्या पुण्याच्या सेल्स ऑफिसची लागली होती. त्या यादीत सुट्टी रविवारी, आणि जोतिबाच्या यात्रेचा तिथं काय संबंध! त्यामुळं सिस्टीमनं रविवार सोडला आणि शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे पाच दिवस मोजले. योग्य यादी लावल्याबरोबर आकडा ४ झाला, साडेचारात बसला आणि अर्ज सेव्ह झाला. शिल्लक कमी पडतेय असा निरोप आला की पोरं रजा कमी करतात किंवा बिनपगारी टाकतात. त्याआधी बोटावर दिवस मोजा. तुमचा आकडा आणि `Total Leave Days` जुळत नसेल तर भानगड सुट्ट्यांच्या यादीत आहे, शिल्लकीत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. रजेच्या प्रकारातच `Include holidays within leaves as leaves` अशी टिक असू शकते. ती असेल तर मधली सुट्टीसुद्धा रजेत धरली जाते, आणि वरच्या उदाहरणात ४ च्या जागी ६ दिवस कापले जातात. हे कंपनीनं मुद्दाम ठरवलेलं असतं, त्यामुळं ६ दिसलं तर चूक झाली म्हणून भांडायला जाऊ नका, आधी पॉलिसीत बघा. एकाच कंपनीत ही टिक एका प्रकाराला असते आणि दुसऱ्याला नसते.

कामगारांच्या रजेचं आणखी एक कलम आहे. कारखाने कायदा, १९४८ प्रमाणे वीस दिवस कामामागं एक दिवस भरपगारी रजा, पण ती वर्षात २४० दिवस काम भरल्यावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत ही अट १८० दिवसांवर आली. सिस्टीममध्ये हा आकडा रजेच्या प्रकारात `Applicable After (Working Days)` या रकान्यात असतो आणि तो आपोआप बदलत नाही, कुणीतरी बसून बदलावा लागतो. शिल्लक दिसतेय पण अर्ज करायला अजून पात्र नाही असा निरोप आला, तर एचआरला नेमकं याच रकान्याबद्दल विचारा. स्टाफच्या रजेला आमच्याकडे ही अट नाही, म्हणून तो इंजिनिअर तीन महिन्यांत रजेवर जाऊ शकला.

अर्ज भरताना बाकी फार काही नाही. रजेचा प्रकार, पासून-पर्यंतच्या तारखा, कारण एका ओळीत. अर्धा दिवस हवा असेल तर `Half Day` वर टिक करून नेमका कुठला दिवस अर्धा ते खालच्या रकान्यात टाका. मोबाइलवरनंही हे सगळं होतं, रात्रपाळीवाले तिथूनच टाकतात.

मंजूर लिहिलंय, तरी रजा लागलेली नाही

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथं, आणि त्यात अर्ज करणाऱ्याची काही चूक नसते.

तुम्ही अर्ज सेव्ह केला की त्याची स्थिती `Open` असते. मंजुरी देणाऱ्यानं दोन गोष्टी करायच्या असतात: स्थिती `Approved` करायची आणि मग `Submit` दाबायचं. बरेच साहेब पहिली करतात, सेव्ह करतात आणि स्क्रीन बंद करतात. अर्ज उघडला की `Approved` हा शब्द दिसतो, तुम्ही निश्चिंत होता. पण सबमिट न झालेला अर्ज सिस्टीमच्या लेखी कच्चा मसुदाच असतो. त्यातून रजेच्या खात्यात वजावट पडत नाही आणि हजेरीत `On Leave` ची नोंदही होत नाही. तिकडं बायोमेट्रिकवर पंच नाही म्हणून त्याच दिवशी आपोआप गैरहजेरी लागते, आणि पगारपत्रकात दिवस कापला जातो.

ओळखायचं कसं? शब्दावर जाऊ नका, शिल्लक बघा. चार दिवसांची रजा खरोखर लागली असेल तर साडेचारांच्या जागी फक्त अर्धा दिवस शिल्लक दिसेल. साडेचार तसेच असतील तर साहेबाला फोन करा आणि सबमिट दाबायला सांगा. पगाराआधी सबमिट झालं तर गैरहजेरीची नोंद रजेत बदलते. पगारपत्रक निघून गेलं असेल तर फरक पुढच्या महिन्यात घ्यावा लागतो, आणि तो तुम्हालाच पाठपुरावा करून घ्यावा लागतो.

आता मघाशी सोडलेला मुद्दा. अर्ज सेव्ह झाला त्या क्षणी मंजुरी देणाऱ्याचं नाव त्या अर्जात उतरतं आणि तिथंच राहतं. नंतर एचआरनं तुमच्या नोंदीत नाव बदललं तरी आधी टाकलेल्या अर्जावर जुनंच नाव असतं. आमचा एक मेन्टेनन्स मॅनेजर नोकरी सोडून गेला तेव्हा एचआरनं, म्हणजे मीच, सगळ्यांच्या नोंदी एका दुपारी बदलल्या आणि हात झटकले. त्याच्या नावावर आधीच पडलेले सात अर्ज तसेच राहिले, ते कुणाच्याच यादीत दिसेनात. दहा दिवसांनी एका फिटरनं विचारलं तेव्हा कळलं. उपाय साधा असतो, त्या अर्जातच नाव बदलून सेव्ह करायचं. पण ते करावं लागतं हे आधी कुणाला तरी सुचलं पाहिजे.

साहेब रजेवर असतील तर अर्ज आपोआप दुसऱ्याकडे सरकत नाही. विभागाच्या यादीत दुसरं नाव घातलेलं असेल तर अर्ज भरताना `Leave Approver` च्या रकान्यात ते निवडता येतं. नसेल तर एचआरला सांगा, तेवढ्यापुरतं कुणाचं तरी नाव घालता येतं.

खर्चाचा दावा: एक दौरा, एक अर्ज

तोच इंजिनिअर, मे महिन्यात. भोसरीतल्या ग्राहकाकडे कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले म्हणून त्याला दोन दिवस पाठवलं. जायच्या आधी त्यानं `Employee Advance` मधून ४,००० रुपये उचलले. परत आल्यावर खर्च असा होता: एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट १,०४० रुपये, एका रात्रीचं लॉज २,१०० रुपये, पहिल्या दिवसाचं जेवण ५२०, दुसऱ्या दिवसाचं ३८०, रिक्षा २६०, आणि नमुना तिथल्याच लॅबमध्ये तपासून घेतला त्याचे १,१८० रुपये. एकूण ५,४८०.

`Expense Claim` मध्ये प्रत्येक खर्चाची वेगळी ओळ करायची, तिची खरी तारीख आणि खर्चाचा प्रकार टाकून. नवीन माणूस इथं हमखास "पुणे दौरा, ५,४८०" अशी एकच ओळ मारतो. तसं केलं की मंजुरी देणाऱ्याला जेवणाची मर्यादा तपासता येत नाही आणि अकाउंट्सला लॅबचा खर्च वेगळ्या खात्यात टाकता येत नाही. अर्ज परत येतो. आमच्याकडे जेवणाची मर्यादा दिवसाला ४०० आहे. पहिल्या दिवशी १२० जास्त झाले, तर ते लपवायचं कारण नाही. खरे ५२० लिहा. मंजुरी देणारा त्या ओळीच्या `Sanctioned Amount` मध्ये ४०० करेल. दावा केलेली रक्कम आणि मंजूर रक्कम हे दोन वेगळे रकाने त्यासाठीच आहेत. मंजूर झाले ५,३६०.

बिलांबद्दल दोनच गोष्टी. लॅबच्या बिलात हजार रुपये शुल्क आणि १८ टक्के जीएसटी होता. असलं बिल कंपनीच्या नावानं आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह घ्या, नाहीतर त्या १८० रुपयांची वजावट कंपनीला मिळत नाही आणि अकाउंट्सवाले तुमच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात. बिल काउंटरवर निघायच्या आधीच सांगावं लागतं, नंतर बदलून मागायला भोसरीला परत कोण जातंय. आणि रिक्षाचं बिल नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठून कुठं गेलात ते ओळीच्या वर्णनात लिहा. "स्थानिक प्रवास" एवढंच लिहिलेल्या ओळीवर प्रश्न येतो, "स्वारगेट ते भोसरी" लिहिलेल्यावर सहसा येत नाही.

मग अॅडव्हान्स. अर्जाच्या खालच्या भागात अॅडव्हान्सचा तक्ता असतो, त्यात तुमचे ४,००० दिसायला हवेत. ते या दाव्याला लावले की देणं राहतं १,३६०. तक्ता रिकामा असेल तर अर्ज तसाच पुढं ढकलू नका. बहुतेक वेळा झालेलं असतं असं, की कॅशिअरनं पैसे हातात दिले, व्हाउचरवर सही घेतली, पण सिस्टीममध्ये पेमेंटची नोंद केली नाही. पैसे दिल्याची नोंद नाही तोवर तो अॅडव्हान्स दाव्यात येत नाही. अशा वेळी पूर्ण ५,३६० मंजूर होऊन खात्यात जमा होतात, तुम्हाला बरं वाटतं, आणि दोन महिन्यांनी ४,००० तुमच्या नावावर थकीत म्हणून पगारातून कापायचा कागद येतो.

पाच हजारांची वेस

आमचा नियम असा: ५,००० पर्यंतचा दावा विभागप्रमुख मंजूर करतो, त्यावरचा विभागप्रमुखानंतर प्लांट हेडकडे जातो. सिस्टीममध्ये हे `Workflow` मध्ये बसवलंय. प्रत्येक टप्प्यावर कुठल्या भूमिकेचा माणूस काय करू शकतो आणि कुठल्या अटीवर, हे तिथं लिहिलेलं असतं. आमच्या दोन अटी आता अशा आहेत:

```
doc.total_claimed_amount <= 5000
doc.total_claimed_amount > 5000
```

"आता" म्हणतोय, कारण पहिल्यांदा मी वरच्या ओळीत `<` एवढंच टाकलं होतं. सहा महिने काही झालं नाही. मग एका सेल्सवाल्याचा दावा आला बरोब्बर ५,००० चा. तो पाच हजारांपेक्षा कमी नव्हता आणि जास्तही नव्हता, त्यामुळं विभागप्रमुखाच्या स्क्रीनवर `Actions` चं बटणच येईना. प्लांट हेडला तर तो अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे हेच कळेना. दोघंही मला सांगत होते की सिस्टीम हँग झालीय. अर्ज उघडतो, सगळं दिसतं, पण मंजूर करायला बटण नाही, असं कुणी सांगितलं की समजायचं, अटींमध्ये फट राहिलीय किंवा त्या माणसाला ती भूमिकाच दिलेली नाही.

दुसरी चूक त्याहून गंभीर, आणि ती दिसतही नाही. सुरुवातीला अटीत मी दावा केलेल्या रकमेऐवजी `grand_total` घेतला होता. नाव बघून वाटतं, हाच एकूण आकडा. पण या फॉर्ममध्ये तो आकडा अॅडव्हान्स वजा करून येतो. वरच्या दौऱ्यात तो १,३६० होतो. म्हणजे ५,४८० चा दावा प्लांट हेडला न दिसताच विभागप्रमुखाच्या सहीवर निघून गेला असता, आणि जितका अॅडव्हान्स मोठा तितकी तपासणी कमी, असा उलटा कारभार झाला असता. असे किती दावे गेले ते मी नंतर मोजले. किती ते इथं लिहीत नाही.

तुम्ही नवीन असाल तर वर्कफ्लो बदलणं तुमच्या हातात नाही, पण वाचणं आहे. अर्जाच्या वरच्या बाजूला आत्ता कुठला टप्पा आहे ते लिहिलेलं असतं आणि खाली कुणी कधी काय केलं त्याचा इतिहास असतो. तुमचा दावा दोन माणसांकडे जाणार असेल तर विभागप्रमुखाच्या मंजुरीनंतर "पास झालं" म्हणून पैशाची वाट बघू नका. आणि ५,४८० चे दोन तुकडे करून २,७४० चे दोन दावे टाकायची युक्ती कुणी शिकवली तर शिकू नका. एकाच दौऱ्याच्या तारखा दोन अर्जांत असल्या की अकाउंट्सला लगेच दिसतं, आणि अॅडव्हान्स कुठल्या दाव्याला लावायचा याचा घोळ वेगळा.

हे सेटिंग करणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. वर्कफ्लोच्या प्रत्येक ओळीत `Allow Self Approval` ही टिक आधीपासून चालू असते. ती काढली नाही तर विभागप्रमुख स्वतःचा दावा स्वतः मंजूर करू शकतो. आणि शेवटच्या टप्प्याला `approval_status` हा रकाना `Approved` होईल असं बसवा, नाहीतर प्लांट हेडनं बटण दाबल्यावर स्थिती `Approved` किंवा `Rejected` हवी असा निरोप येत राहतो आणि त्यांना वाटतं, हे तर मी आत्ताच केलं.

मंजुरीनंतर

मंजूर झालेला दावा `Unpaid` दिसतो. म्हणजे मंजुरीचं काम संपलंय आणि अकाउंट्सचं सुरू झालंय. त्यांनी पेमेंटची नोंद केली की तो `Paid` होतो. आमच्याकडे हे पेमेंट दर शनिवारी निघतं, तुमच्याकडे कदाचित पगारासोबत निघत असेल. `Unpaid` असताना मंजुरी देणाऱ्या साहेबाच्या मागं लागण्यात काही उपयोग नाही, त्यांच्याकडून अर्ज सुटलेला असतो.

रजेच्या बाबतीत असंच शेवटचं एक. जोतिबाहून तो इंजिनिअर एक दिवस आधीच परतला आणि गुरुवारी कामावर हजर झाला. रजा मात्र गुरुवारपर्यंत सबमिट झाली होती, आणि सबमिट झालेला अर्ज दुरुस्त करता येत नाही. तो आधी रद्द करावा लागतो, मग `Amend` करून बुधवारपर्यंतचा नवा काढावा लागतो, आणि रद्द करायचा अधिकार अर्जदाराकडे बहुधा नसतो. त्यानं गेटवर पंच केला, एचआरला मेल टाकला, मी रद्द करून दिला. नव्या अर्जात दिवस आले ३, कारण बुधवार सुट्टीच होता, आणि खात्यात दीड दिवस शिल्लक राहिली.